तूरडाळीतला नायट्रोजन काढताना: केल्डाल पद्धत, पायरी-पायरीने

अन्नाच्या किंवा खताच्या प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती पहिल्या महिन्यातच हे काम येतं. पद्धत जुनी आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी ती १८८३ साली मांडली. बिअरसाठी लागणाऱ्या धान्यातली प्रथिनं मोजणं ही त्यांची गरज होती. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळांत तिला ‘जेल्डाल’ म्हणतात, तेव्हा दोन्ही नावं ऐकू आली तर गोंधळू नका.

प्रयोगवहीत पायऱ्या लिहिलेल्या असतात. पण उत्तर चुकलं की चूक कोणत्या पायरीत झाली, ते कसं ओळखायचं हे तिथे नसतं. मला ते कळायला बरेच दिवस लागले. म्हणून इथे प्रत्येक पायरीसोबत ती चुकली तर आकडा कोणत्या बाजूला सरकतो, हेही सांगते. उदाहरण एकच घेते, तूरडाळीचं पीठ. खतासाठी काय बदलायचं ते शेवटी.

## १. आधी मागच्या टायट्रेशनचा उलटा हिशेब डोक्यात बसवा

या पद्धतीत तीन कामं आहेत. पहिलं, संहत सल्फ्युरिक ॲसिडमध्ये नमुना उकळून त्यातला नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपात आणायचा. याला डायजेशन म्हणतात. दुसरं, त्यात भरपूर कॉस्टिक सोडा घालून अमोनिया मोकळा करायचा आणि वाफेबरोबर उडवून मोजून घेतलेल्या ॲसिडमध्ये पकडायचा. तिसरं, अमोनियाने खाऊन उरलेलं ॲसिड सोड्याने मोजायचं. यालाच मागचं टायट्रेशन, म्हणजे बॅक टायट्रेशन म्हणतात.

लक्षात घ्या, ब्युरेटमधून जातो तो सोडा अमोनिया मोजत नाही, *उरलेलं* ॲसिड मोजतो. म्हणून ब्युरेटचं वाचन जितकं मोठं, तितका नायट्रोजन कमी. अमोनिया कुठेही निसटला की वाचन वाढतं आणि प्रथिनं कमी दिसतात. बाहेरून सोडा किंवा अमोनिया पकडपात्रात शिरला की वाचन घटतं आणि प्रथिनं जास्त दिसतात. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढचा सगळा दोषशोध त्यावरच चालतो.

## २. काय काय लागेल

- ८०० मिलीचा केल्डाल फ्लास्क (लांब मानेचा, बोरोसिलिकेट काचेचा), आणि चालू फ्यूम हूड
- डिस्टिलेशनची जोडणी: थेंब अडवणारा काचेचा फुगा, कंडेन्सर, धड अवस्थेतली रबरी बुचं
- संहत सल्फ्युरिक ॲसिड, पोटॅशियम सल्फेट, कॉपर सल्फेट
- ४० टक्के कॉस्टिक सोडा (लिटरमध्ये ४०० ग्रॅम)
- ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड
- मिथाइल रेड, लाल लिटमस, जस्ताचे दाणे, काचेचे मणी
- ५० मिलीचा पिपेट आणि ५० मिलीची ब्युरेट
- पडताळणीसाठी शुद्ध अमोनियम सल्फेट आणि ट्रिप्टोफॅन, ब्लँकसाठी साखर
- जाड हातमोजे, गॉगल आणि पूर्ण चेहरा झाकणारं शील्ड

चेहऱ्याचं शील्ड केवळ नियमासाठी नाही. पाचव्या पायरीत गरम ॲसिडमध्ये पाणी घालायचं आहे, तिथे ते लागतं.

## ३. नमुना आणि वजन

डाळ दळून १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीवर राहिलेला भरडा टाकून देऊ नका, पुन्हा दळा. टरफलात आणि गरात प्रथिनं सारखी नसतात, त्यामुळे भरडा फेकला की नमुनाच बदलतो.

साधारण १ ग्रॅम पीठ चार दशांशांपर्यंत तोला. तुरीत सुमारे ३.५ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅममध्ये ३५ मिलिग्रॅम, आणि तेवढ्याला ०.१ नॉर्मलचं सुमारे २५ मिली ॲसिड लागतं. पकडपात्रात आपण ५० मिली ठेवणार, म्हणजे निम्मं खर्च होईल, निम्मं उरेल. वजन ठरवताना हाच अंदाज करायचा. सोयापेंडीत याच्या जवळपास दुप्पट नायट्रोजन असतो, तिथे १ ग्रॅम घेतलात तर ५० मिली ॲसिड जेमतेम पुरेल किंवा पुरणारच नाही. तिथे अर्धा ग्रॅम घ्या.

पीठ सरळ फ्लास्कमध्ये ओतलं तर मानेला चिकटतं आणि तिथे ॲसिड पोचत नाही. गाळण कागदाच्या छोट्या पुडीत बांधून पुडीसकट आत सोडा, आणि ब्लँकमध्येही तेवढाच कागद घाला.

## ४. डायजेशन

फ्लास्कमध्ये पुडी, १० ग्रॅम पोटॅशियम सल्फेट, १ ग्रॅम कॉपर सल्फेट, दोन-तीन काचेचे मणी आणि शेवटी २० मिली संहत सल्फ्युरिक ॲसिड. पोटॅशियम सल्फेट ॲसिडचा उत्कलनबिंदू वर नेतं. नुसतं ॲसिड ३४० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, मीठ घातल्यावर ३७० च्या पुढे जाता येतं, आणि कडक नायट्रोजन संयुगं तिथेच तुटतात. कॉपर उत्प्रेरक आहे.

फ्लास्क तिरका ठेवा आणि आच मंद ठेवा. डाळ काळी पडते, फेसाळते. पहिली वीस मिनिटं फ्लास्क सोडून कुठेही जाऊ नका, फेस मानेपर्यंत आला की आच काढा. फेस बसला की आच वाढवून ॲसिड व्यवस्थित उकळू द्या. मानेच्या खालच्या भागात वाफ थंड होऊन ॲसिड परत खाली ओघळत राहिलं पाहिजे, त्यानेच मानेवर उडालेले काळे कण धुऊन खाली येतात. येणारा धूर सल्फर डायऑक्साइडचा आहे, हूड बंद असेल तर काम सुरूच करू नका.

काळं द्रव तपकिरी होतं, मग पिवळसर, आणि शेवटी स्वच्छ निळसर हिरवं. इथे नवखी माणसं हमखास थांबतात. द्रव स्वच्छ झालं याचा अर्थ कार्बन जळून गेला, एवढाच. ट्रिप्टोफॅनसारख्या वलयातला नायट्रोजन अजून पूर्ण सुटलेला नसतो. स्वच्छ झाल्यावर आणखी किमान एक तास उकळत ठेवा. घाईने थांबलात तर प्रथिनं दर वेळी थोडी कमी येतात आणि तीनही वाचनं एकमेकांशी जुळतात, त्यामुळे संशयही येत नाही.

उलट्या बाजूची चूक म्हणजे ॲसिड संपत येणं. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅममागे ४ ते ५ मिली ॲसिड खातात, चरबी मात्र जवळपास १० मिली. डाळीला २० मिली भरपूर आहे. शेंगदाणे किंवा तिळाला तेवढं पुरत नाही. ॲसिड कमी झालं की मिठाचं प्रमाण वाढतं, तापमान ४०० च्या वर चढतं आणि अमोनियम सल्फेटच फुटून नायट्रोजन उडू लागतो. थंड होताना द्रव लगेच दगडासारखं घट्ट झालं तर समजा की ॲसिड कमी पडलं होतं. तो आकडा धरू नका.

## ५. थंड करणं आणि पाणी घालणं

आच बंद करून फ्लास्क हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्या. मग २०० मिली पाणी घालायचं. ॲसिडमध्ये पाणी घालायचं नसतं, हे शाळेपासून शिकलोय. इथे फ्लास्कमधलं सगळं द्रव हवं असल्याने पाणीच आत घालावं लागतं, म्हणून काळजी दुप्पट. फ्लास्कचा तळ थंड पाण्याच्या भांड्यात ठेवा, तोंड भिंतीकडे, शील्ड चेहऱ्यावर. पहिले काही मिली पाणी मानेच्या आतल्या बाजूने ओघळू द्या, हलवा, थांबा, मग पुढचे. कडकड आवाज येत असेल तर तुम्ही घाई करताय.

अगदी गार होऊन खडा बसेपर्यंतही वाट पाहू नका. खडा बसला तर पाणी घालून हलक्या उष्णतेने तो पूर्ण विरघळवा. तळाशी घट्ट राहिलेल्या थरात तुमचा नायट्रोजन अडकलेला असतो.

## ६. डिस्टिलेशन

आधी पकडपात्र तयार करा. २५० किंवा ५०० मिलीच्या शंकूपात्रात पिपेटने बरोबर ५० मिली ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक ॲसिड आणि चार-पाच थेंब मिथाइल रेड. रंग लाल. कंडेन्सरच्या नळीचं टोक ॲसिडच्या पातळीखाली बुडालेलं हवं, नाहीतर सुरुवातीचा अमोनिया हवेत जातो.

मग सोडा. २० मिली संहत ॲसिड मारायला ४० टक्क्यांचा सोडा हिशेबाने ७२ मिली लागतो. थोडं ॲसिड डायजेशनमध्ये खर्च झालेलं असतं, तरी ८५ मिली घ्या. फ्लास्क तिरका धरून सोडा मानेच्या कडेने अलगद सोडला की तो जड असल्याने तळाशी वेगळा थर करून बसतो. *या क्षणी हलवू नका.* दोन जस्ताचे दाणे टाका, बुच घट्ट बसवा, आणि जोडणी पूर्ण झाल्यावरच फ्लास्क गोल फिरवून थर मिसळा. आधी मिसळलात तर अमोनियाचा वास तुम्हालाच येईल. तो वास आला म्हणजे नमुना गेला.

सोडा पुरेसा झाला की नाही, हे रंग सांगतो. मिसळल्यावर द्रव गडद निळं होतं आणि तापल्यावर तांब्याच्या ऑक्साइडमुळे काळपट तपकिरी होतं. फिकं निळंच राहिलं तर सोडा कमी पडला, अमोनिया पूर्ण सुटणार नाही. जोडणी न उघडता सोडा घालायची सोय नसेल तर तो नमुना पुन्हा करा.

आता उकळा. जस्त सोड्यात हायड्रोजनचे बुडबुडे सोडतं, त्यामुळे धक्के बसत नाहीत. तरी जोरात उकळू नका. सोड्याचे तुषार फुग्यातून पुढे गेले तर ते ॲसिड मारतात आणि प्रथिनं खोटीच जास्त दिसतात. सुमारे १५० मिली द्रव जमायला पाऊण तास लागू द्या. शेवटी नळीच्या टोकाचा एक थेंब लाल लिटमसवर घ्या, तो निळा झाला तर अजून अमोनिया येतोय.

पकडपात्राकडे अधूनमधून बघा. लाल रंग पिवळा झाला तर ॲसिड संपलं. तिथून पुढचा अमोनिया पकडला गेलेला नाही. ॲसिड वरून घालून तो नमुना वाचवता येत नाही, कमी वजन घेऊन नव्याने करा.

बंद करतानाचा क्रम: आधी पकडपात्र खाली घ्या, म्हणजे नळीचं टोक द्रवाबाहेर येईल, टोक थोड्या पाण्याने आत धुवा, मग आच बंद करा. उलट केलंत तर फ्लास्क थंड होताच आतला दाब घटतो आणि पकडपात्रातलं सगळं द्रव कंडेन्सरमधून मागे ओढलं जातं. तीन तासांचं काम दहा सेकंदांत जातं.

## ७. मागचं टायट्रेशन

पकडपात्र थंड होऊ द्या आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. लाल रंग नारिंगी होत पिवळा झाला की थांबा.

ॲसिड-सोड्याचं टायट्रेशन म्हटलं की हात आपोआप फिनॉल्फ्थॅलीनकडे जातो. इथे ते चालत नाही. शेवटच्या बिंदूला भांड्यात अमोनियम सल्फेट असतं आणि ते स्वतः किंचित आम्लधर्मी आहे. मिथाइल रेड पीएच ४.४ ते ६.२ मध्ये रंग बदलतो, म्हणजे मोकळं ॲसिड संपताच. फिनॉल्फ्थॅलीन ८ च्या पुढे बदलतं. तिथे पोचेपर्यंत सोडा अमोनियमलाच अमोनियात बदलायला लागलेला असतो. ब्युरेटचं वाचन काही मिली जास्त येतं, गुलाबी रंग येतो-जातो, आणि प्रथिनं कमी दिसतात.

सोड्याची खरी नॉर्मॅलिटी आधीच काढून ठेवा. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट वाळवून घ्या, उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवा, इथे मात्र फिनॉल्फ्थॅलीनच वापरा. माझ्या वहीतलं एक उदाहरण: ०.५१०५ ग्रॅम थॅलेटला २४.८० मिली सोडा लागला. थॅलेटचं तुल्यभार २०४.२२, म्हणून सोडा ०.१००८ नॉर्मल. सोड्याची बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो बदलतो, म्हणून ही संख्या महिनाभर वापरू नका.

## ८. ब्लँक आणि हिशेब

ब्लँक म्हणजे नमुन्याशिवाय सगळं तेच. पिठाऐवजी १ ग्रॅम साखर घ्या. तिच्यात नायट्रोजन नाही, पण ती ॲसिड मात्र डाळीसारखंच खाते. डायजेशनपासून टायट्रेशनपर्यंत सगळं तसंच करा.

माझे आकडे:

- पकडपात्रातलं ५० मिली ॲसिड ०.१००४ नॉर्मल. अमोनिया अजिबात आला नसता तर त्याला ४९.८ मिली सोडा लागला असता.
- ब्लँकला लागला ४९.६ मिली. म्हणजे रसायनांतून ०.२ मिलीइतका अमोनिया आला.
- डाळीला (१.००४२ ग्रॅम) लागला २४.३ मिली.

```
नायट्रोजन % = (ब्लँक − नमुना) × नॉर्मॅलिटी × १.४००७ ÷ वजन
            = (४९.६ − २४.३) × ०.१००८ × १.४००७ ÷ १.००४२
            = ३.५६
प्रथिनं %    = ३.५६ × ६.२५ = २२.२
```

या सूत्रात ॲसिडची नॉर्मॅलिटी कुठेच नाही, कारण वजाबाकीत ती निघून जाते. पण त्याची अट अशी, की ब्लँक आणि नमुना दोन्हींत ॲसिड अगदी सारखं पडलं पाहिजे. एकाच बाटलीतलं ॲसिड, एकच पिपेट, एकच हात. ब्लँक ४९.८ पेक्षा *जास्त* आला तर ते अशक्य आहे, तुमच्या पिपेटमध्ये किंवा नॉर्मॅलिटीत चूक आहे. ब्लँक एखाद्या मिलीने कमी आला तर रसायनं खराब आहेत किंवा सोड्याचे तुषार पुढे जातायत.

६.२५ हा गुणक प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो या गृहीतावर आहे. गव्हाला ५.७० आणि दुधाला ६.३८ वापरतात. अहवालात गुणक लिहाच. आणि आकडा कोणत्या ओलाव्याचा तेही लिहा. याच डाळीत १० टक्के ओलावा होता, म्हणून कोरड्या वजनावर प्रथिनं २४.७ टक्के झाली. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांवरून वाद होतो तेव्हा बऱ्याचदा फरक इतकाच असतो.

ही पद्धत नायट्रोजन मोजते, प्रथिनं नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच फटीतून. मेलामाइनमध्ये वजनाने दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो, आणि केल्डालला तो दुधातल्या प्रथिनांपासून वेगळा ओळखता येत नाही.

## ९. आकडा खोटा वाटला तर

कामाच्या पहिल्या महिन्यात माझी तूरडाळ सारखी २१ टक्क्यांच्या आसपास येत होती. आधीच्या बॅचेस २२ च्या वर होत्या. मी डायजेशनचा वेळ वाढवत गेले, दोन तास, अडीच तास. फरक शून्य. शेवटी आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, “डायजेशनशिवाय करून पाहिलंस का?”

युक्ती ही आहे. शुद्ध अमोनियम सल्फेट ०.१५ ग्रॅम घ्या, संहत ॲसिडही नको, डायजेशनही नको, पाण्यात विरघळवून सरळ डिस्टिल करा. सोड्याचं प्रमाण त्याप्रमाणे कमी ठेवा, आणि ब्लँकही तसाच, बिनडायजेशनचा. त्यात २१.२ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून ब्लँकशी फरक २२.५ मिली यायला हवा. मला आला २१.२, म्हणजे ९४ टक्केच. दोष डायजेशनमध्ये नव्हताच, अमोनिया डिस्टिलेशनमध्ये निसटत होता. ओलं लाल लिटमस प्रत्येक जोडाजवळ धरत गेले. फ्लास्कच्या रबरी बुचाच्या खालच्या बाजूला केसाएवढी चीर होती, तिथे कागद निळा झाला. बुच बदललं आणि डाळ २२.२ वर आली.

अमोनियम सल्फेट ९९ टक्क्यांच्या वर परत येत असेल तर डिस्टिलेशन आणि टायट्रेशन निर्दोष आहे. मग ०.२ ग्रॅम ट्रिप्टोफॅन साखरेबरोबर घेऊन पूर्ण डायजेशन करून पाहा. ट्रिप्टोफॅनमध्ये १३.७ टक्के नायट्रोजन असतो आणि तो सहज सुटत नाही. तो ९८ टक्क्यांच्या खाली आला तर डायजेशनचा वेळ, आच किंवा मीठ-ॲसिडचं प्रमाण तपासा. याच क्रमाने जा, उलट्या नाही.

## १०. खताचा नमुना असेल तर

युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे ०.१ ग्रॅमच पुरतो. पण एवढ्या थोड्या दाण्यांवर पोत्याचा भरवसा ठेवता येत नाही. १ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून २५० मिली करा आणि त्यातले २५ मिली घ्या. संहत ॲसिड घालण्याआधी पाणी मंद आचेवर उडवा. युरिया लवकर फुटतो, डाळीसारखा वेळ लागत नाही.

नायट्रेट असलेली खतं, म्हणजे कॅल्शियम नायट्रेट किंवा ठिबकमधून देतात ती १९:१९:१९, वर सांगितलेल्या साध्या पद्धतीने कधीच करू नका. नायट्रेटमधला नायट्रोजन गरम ॲसिडमध्ये अमोनियम होत नाही, बराचसा वायू होऊन उडून जातो, आणि पोत्यावर लिहिल्यापेक्षा आकडा खूप कमी येतो. अशा वेळी सल्फ्युरिक ॲसिडमध्ये आधी सॅलिसिलिक ॲसिड विरघळवून घ्या, ते मिश्रण थंड असताना नमुन्यावर ओतून अर्धा तास ठेवा. नायट्रेट सॅलिसिलिक ॲसिडला चिकटतं. मग सोडियम थायोसल्फेट घालून हलकं तापवलं की त्याचं क्षपण होतं, आणि त्यानंतर नेहमीसारखं डायजेशन. नमुना इथे कोरडा हवा. पाणी असेल तर नायट्रेट नीट बांधलं जात नाही, म्हणून युरियासारखं द्रावण करून घेण्याची सोय या खतांना नाही. दाणे बारीक वाटून, चांगले मिसळून, सरळ तोलून घ्या.